देताना मूळ, घेताना एकूण: फुल अँड फायनलच्या हिशेबाचा आढावा

भीमेच्या काठावरचे वडगाव रासाई शिरूर तालुक्यात येते आणि नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. इथला माणूस नोकरीसाठी बहुधा दोन दिशांना जातो. एक वाट रांजणगाव एमआयडीसीकडे, तर दुसरी नदीपलीकडे कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांकडे. शिवाय न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे साखर कारखाने याच पट्ट्यातले. कायम कामगार, मुदतीवरचा, ठेकेदाराकडचा, हंगामी अशा सगळ्या तऱ्हांचे नोकरदार एकाच गावात भेटतात. नोकरी सुटली की प्रत्येकाच्या हातात शेवटी एक कागद येतो. त्याला गावात सगळे ‘फुल फायनल’ म्हणतात.

दर महिन्याची पगारपावती माणूस निदान मागच्या महिन्याच्या पावतीशी ताडून पाहतो. अंतिम हिशेब आयुष्यात दोन-चारदाच समोर येतो, ताडायला दुसरे काही नसते आणि रक्कम एरवीपेक्षा मोठी असल्यामुळे नजर थेट तळाच्या आकड्यावर जाते. चुका मात्र वरच्या ओळींत असतात. म्हणून हा कागद कसा मांडला म्हणजे चूक लपणार नाही, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. माझे उत्तर थोडक्यात असे: येणे, कपात आणि वसुली हे तीन गट वेगळे हवेत, आणि प्रत्येक ओळीत किती दिवस, कोणता पगार पायाला धरला आणि कशाने भागले हे लिहिलेले हवे. नुसती रक्कम लिहिलेली ओळ तपासता येत नाही.

कपात वेगळी, वसुली वेगळी

बहुतेक कंपन्यांच्या कागदावर डावीकडे ‘अर्निंग्ज’ आणि उजवीकडे ‘डिडक्शन्स’ असे दोनच रकाने असतात. भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, नोटीस पे, उचल, हरवलेले हत्यार हे सारे उजव्या रकान्यात एकाखाली एक येते. इथेच घोळ सुरू होतो, कारण या ओळींची जात एक नाही.

पीएफ आणि व्यवसाय कर या कायद्याने करायच्या कपाती आहेत. त्यांचा दर ठरलेला आहे आणि पैसा कंपनीकडे राहत नाही, तो पुढे भरला जातो. नोटीस पे, उचलीची बाकी, नुकसानभरपाई हे कंपनीचे कामगारावरचे दावे आहेत. तो पैसा कंपनीकडेच राहतो. म्हणून त्या प्रत्येक दाव्यामागे कागद लागतो: नोटिशीसाठी नेमणूकपत्रातले कलम, उचलीसाठी सही केलेला अर्ज आणि फेडलेल्या हप्त्यांची नोंद, नुकसानीसाठी कामगाराला बाजू मांडायची संधी दिल्याचा पुरावा. नुकसानीची रक्कम कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, ही अट १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे. दोन्ही प्रकार एका रकान्यात घातले की दाव्यालाही कराचे वजन येते आणि कुणी पुरावा मागत नाही.

एकूण कपातीला मर्यादाही आहे. वेतन संहितेनुसार त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त कपात करता येत नाही. ग्रॅच्युइटीची मोठी रक्कम याच बेरजेत घातली की तो ‘निम्मा’ कागदावर आपोआप फुगतो. त्यामुळे ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतंत्र चौकटीत दाखवणे हा नीटनेटकेपणाचा नव्हे, हक्काचा भाग आहे. ग्रॅच्युइटी रोखायची तर त्याची कारणे कायद्याने मोजकी ठेवली आहेत: गैरवर्तनामुळे कामावरून काढले असेल आणि त्यातून मालकाचे नुकसान झाले असेल, किंवा हिंसक वर्तन वा नैतिक अधःपतनाचा गुन्हा घडला असेल तरच. उचलीची बाकी किंवा नोटिशीचे कमी पडलेले दिवस या यादीत नाहीत.

एक हिशेब, ओळीओळीने

उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक चूक अशा कागदांवर नेहमी दिसणारी आहे. वडगाव रासाईचा एक कामगार रांजणगावच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात कायम नोकरीत होता. पगार ३०,००० रुपये: मूळ आणि महागाई भत्ता मिळून २२,१००, घरभाडे ५,०००, प्रवासभत्ता २,९००. नोकरी ७ वर्षे ८ महिने झाली होती. त्याने राजीनामा दिला, शेवटचा दिवस १८ एप्रिल. त्या एप्रिलमध्ये चार रविवार होते आणि १८ तारखेपर्यंत दोन. कारखान्याला आठवड्याची सुट्टी रविवारची.

कंपनीने दिलेला पहिला कागद असा होता: एप्रिलचा पगार १६,०००, रजेचे १८,७००, ग्रॅच्युइटी ८९,२५०, एकूण १,२३,९५०. वजा: पीएफ १,४१४, व्यवसाय कर २००, नोटीस पे १०,०००, उचल २,५००, सेफ्टी शूज १,८५०, व्हर्नियर कॅलिपर २,८००. हातात १,०५,१८६ रुपये. लाखाच्या वरचा आकडा पाहिला की सही करायला हात पुढे होतो. तो आवरून आता वरून खाली येऊ.

पहिली ओळ पगाराची. महिन्याचा पगार दिवसांत मोडायच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत महिन्याचे सगळे दिवस धरतात, म्हणजे ३०. मग कामगाराचे दिवसही रविवार धरून १८ होतात आणि रक्कम १८,००० येते. दुसरीत फक्त कामाचे दिवस धरतात, म्हणजे २६. मग त्याचे दिवस १६ आणि रक्कम १८,४६२ येते. दोन्ही चालतात, कंपनीची नेहमीची रीत असेल ती धरावी. या कागदावर मात्र वर १६ आणि खाली ३० घातले होते. रविवार वरच्या आकड्यातून काढले, खालच्यात ठेवले, आणि २,००० रुपये गेले. ओळीत ‘१६ ÷ ३०’ असे लिहिले असते तर कुणाच्याही नजरेत आले असते. ‘एप्रिल पगार १६,०००’ एवढेच लिहिले की ते दिसत नाही.

दुसरी ओळ कागदावर नव्हतीच. मार्चमध्ये १२ तास ओव्हरटाइम झाला होता आणि तो एप्रिलच्या पगाराबरोबर मिळायचा होता. २२,१०० ला २६ ने भागले की दिवसाचे ८५० आणि तासाचे १०६.२५ रुपये येतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने म्हणजे २१२.५० ने, १२ तासांचे २,५५० रुपये. अंतिम हिशेबात सर्वांत जास्त गळते ते असे मागच्या महिन्यातून पुढे आलेले येणे, कारण हिशेब करणारा चालू महिन्याची हजेरी उघडतो आणि मागची उघडत नाही.

तिसरी ओळ रजेची. इथे रकमेआधी रजेचा हिशेब दाखवला पाहिजे: १ जानेवारीची शिल्लक २६, यंदा मिळालेल्या ४, वापरलेल्या ८, उरलेल्या २२. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. जुन्या कारखाना कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस काम भरावे लागे, नव्या संहितेत १८० दिवस पुरतात. वर्षाच्या मधेच नोकरी सुटली तरी त्या वर्षाच्या कामाची रजा बुडत नाही. यंदाच्या त्या चार रजा अनेक कागदांवर गाळलेल्या असतात, इथे त्या धरल्या होत्या. ८५० च्या दराने २२ दिवसांचे १८,७०० बरोबर आहेत. कंपनीच्या करारात रजेचा दर एकूण पगारावर ठरलेला असेल तर तो लागू होईल, म्हणून दर कोणत्या आधारावर धरला ते ओळीतच यावे. या रकमेवर पीएफ कापायचा नसतो. रजेच्या रोखीकरणावर भविष्यनिर्वाह निधी लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मणिपाल अकॅडमीच्या खटल्यात स्पष्ट केले.

चौथी ओळ ग्रॅच्युइटीची. सूत्र ठरलेले आहे: शेवटचा मासिक मूळ पगार व महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. म्हणजे वर्षामागे १२,७५०. सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो, त्यामुळे ७ वर्षे ८ महिने म्हणजे ८ वर्षे आणि रक्कम १,०२,०००. कंपनीने ७ धरली होती. ओळीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहिली की ही चूक करणेच अवघड होते.

कोणता पगार कुठे

आता वसुलीकडे वळू, आणि इथेच या साऱ्या विषयाची मेख आहे. नोटीस ३० दिवसांची हवी होती, कामगाराने २० दिवसांची दिली. १० दिवस कमी पडले हे खरे, आणि त्याची वसुली कंपनी मागू शकते. पण कंपनीने ३०,००० ला ३० ने भागून दिवसाचे १,००० धरले. त्याच कागदावर रजेचा दिवस ८५० ला धरला होता. देताना मूळ पगार, घेताना एकूण पगार.

नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते पाहायचे. या कामगाराच्या पत्रात ‘मूळ व महागाई भत्ता’ असे होते, म्हणून वसुली २२,१०० च्या तिसाव्या भागाने, दहा दिवसांचे ७,३६७ रुपये. पत्रात ‘एकूण पगार’ असता तर १०,००० योग्य ठरले असते. म्हणजे एका ओळीचा पाया दुसऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो, पण त्याचे कारण दाखवता आले पाहिजे. कंपनीनेच कामगाराला लवकर मोकळे केले असेल तर मात्र हा दावा उभाच राहत नाही. म्हणून राजीनाम्याची पोच आणि कार्यमुक्तीचे पत्र जपून ठेवावे. काही कंपन्या नोटीस पेवर जीएसटीही लावत असत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही असे सांगितले आहे.

उचलीची ओळ सोपी आहे, पण तीही मांडूनच दाखवावी: दिवाळीला घेतले १५,०००, फेडले पाच हप्ते दर २,५००, बाकी २,५००. सेफ्टी शूजचे १,८५० मात्र काढायचे. सुरक्षेसाठी द्यायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नसतात. व्हर्नियर कॅलिपरचे २,८०० ही नव्या हत्याराची किंमत होती, वापरलेल्या हत्याराची नव्हे. आणि ते कधी दिले, कधी हरवले, कामगाराला काही विचारले का, याची एकही नोंद नव्हती. अशी वसुली रोखायलाच हवी.

आता दुरुस्त कागद पाहा.

| ओळ | कसे मोजले | रुपये |
|---|---|---|
| येणे | | |
| एप्रिलचा पगार, १ ते १८ | ३०,००० × १८ ÷ ३० | १८,००० |
| मार्चचा ओव्हरटाइम | १२ तास × २१२.५० | २,५५० |
| शिल्लक रजा | २२ दिवस × ८५० | १८,७०० |
| बोनस | लागू नाही, वेतन २१,००० च्या वर | ० |
| येण्याची बेरीज | | ३९,२५० |
| कायदेशीर कपात | | |
| पीएफ | १३,२६० च्या १२ टक्के | १,५९१ |
| व्यवसाय कर | एप्रिलचा | २०० |
| वसुली | | |
| नोटीस पे | २२,१०० × १० ÷ ३०, नेमणूकपत्राप्रमाणे | ७,३६७ |
| उचलीची बाकी | १५,००० वजा १२,५०० | २,५०० |
| वजा बेरीज | | ११,६५८ |
| हातात | ३९,२५० वजा ११,६५८ | २७,५९२ |
| ग्रॅच्युइटी, स्वतंत्र | २२,१०० ÷ २६ × १५ × ८ | १,०२,००० |

दोन्ही मिळून १,२९,५९२. पहिल्या कागदापेक्षा २४,४०६ रुपये जास्त. हा फरक एका मोठ्या चुकीचा नाही. ग्रॅच्युइटीच्या वर्षाचे १२,७५०, वसुलीतले ७,२८३, ओव्हरटाइमचे २,५५०, पगाराचे २,००० अशी ती बेरीज आहे. पीएफ मात्र १७७ रुपयांनी वाढला, कारण पगार वाढला. दुरुस्ती प्रामाणिक असेल तर ती दोन्ही बाजूंनी होते.

या तक्त्यात दोन ओळी मुद्दाम ठेवल्या आहेत. पीएफच्या ओळीत १३,२६० हा अठरा दिवसांचा मूळ व महागाई भत्ता आहे. कंपनी एरवी १५,००० च्या मर्यादेवर १,८०० कापत असली तरी अर्ध्यामुर्ध्या महिन्यात तो आकडा डोळे झाकून टाकायचा नसतो. मिळालेले वेतन मर्यादेच्या खाली आले की त्याच वेतनावर कपात होते. दुसरी ओळ बोनसची, शून्याची. शून्य लिहून कारण दिले की ओळ विसरलेली नाही हे कळते. ज्याचे वेतन २१,००० किंवा त्याखाली आहे आणि ज्याने त्या वर्षी निदान ३० दिवस काम केले आहे, त्याला त्या वर्षाचा किमान ८.३३ टक्के बोनस लागू असतो. तो हिशेबवर्ष संपल्यावर आठ महिन्यांत द्यायचा असल्याने नोकरी सुटताना हातात येईलच असे नाही. तेव्हा त्या ओळीत ‘नंतर देय’ असे लिहिलेले हवे. नाहीतर कामगार निघून जातो आणि बोनसही विसरला जातो.

नव्या संहितांनी काय बदलले

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. अंतिम हिशेबाच्या दृष्टीने त्यांतले तीन बदल महत्त्वाचे आहेत.

पहिला वेळेचा. जुन्या वेतन कायद्यात मालकाने कामावरून काढले तर दोन कामाच्या दिवसांत पैसे द्यायची अट होती. आता राजीनाम्यालाही तीच मुदत आहे. कंपन्यांमध्ये रुळलेली ‘४५ दिवसांत फुल फायनल’ ही रीत पगाराच्या भागाला लावता येत नाही. ग्रॅच्युइटीला मात्र ३० दिवसांची मुदत आहे. म्हणजे एकाच कागदावरच्या दोन रकमांच्या मुदती वेगळ्या आहेत, आणि ग्रॅच्युइटी वेगळी दाखवायचे हे आणखी एक कारण.

दुसरा बदल वेतनाच्या व्याख्येचा. घरभाडे, प्रवासभत्ता वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. आपल्या उदाहरणात ३०,००० पैकी ७,९०० वगळले आहेत, त्यामुळे फरक पडत नाही. पण ३०,००० पैकी मूळ पगार फक्त १०,००० आणि बाकी सारे असे भत्ते असतील तर वेतन १५,००० धरावे लागेल, आणि ग्रॅच्युइटी वर्षामागे ५,७६९ वरून ८,६५४ वर जाईल. मूळ पगार लहान ठेवणाऱ्या कंपन्यांच्या कागदावर हीच ओळ आधी तपासावी.

तिसरा बदल मुदतीवरच्या कामगाराचा. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे लागतात. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एक वर्षाची सेवा झाली की प्रमाणात मिळते. रांजणगावात वर्ष-दोन वर्षांच्या करारावर काम करणाऱ्या मुलांच्या कागदावर ग्रॅच्युइटीची ओळच नसते. आता ती हवी.

ठेकेदार आणि हंगाम

ठेकेदाराकडच्या कामगाराचा प्रश्न आणखी बिकट. ठेका बदलतो, माणूस त्याच मशीनवर राहतो आणि दर वेळी नवी रुजू तारीख पडते. अशा कागदावर सेवाकाळाची ओळ हीच वादाची ओळ असते. जुनी पगारपत्रके, गेटपास आणि पीएफ खात्यातल्या नोंदी हा तिथला पुरावा. ठेकेदाराने वेतन बुडवले तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हे मात्र जुन्या कायद्यापासून आहे.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराचे सूत्रही वेगळे आहे. बारमाही कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांची ग्रॅच्युइटी, तर फक्त हंगामात काम करणाऱ्याला हंगामामागे सात दिवसांची. त्याच्या कागदावर वर्षांऐवजी हंगामांची यादी हवी. एखादा माणूस काही वर्षे हंगामी राहून नंतर कायम झाला असेल तर दोन्ही काळ वेगळ्या ओळींत मांडावे, म्हणजे कोणत्या काळाला कोणते सूत्र लावले ते दिसेल.

सही करण्याआधी

पीएफची साठलेली रक्कम या कागदावर नसते आणि नसावी. ती कंपनीने द्यायची रक्कम नव्हे. पण कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली का, याची एक ओळ मात्र असावी. ती तारीख नसली की पैसे काढण्याचा अर्ज अडकतो. कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः टाकू शकतो.

कागदाच्या तळाशी बहुधा ‘माझे सर्व येणे मिळाले, कोणतीही तक्रार नाही’ असे छापलेले असते. एखाद्या ओळीवर वाद असेल तर पैसे नाकारायची गरज नाही. सहीशेजारी ‘रक्कम मिळाली, नोटीस पे व ग्रॅच्युइटीच्या वर्षांबाबत हक्क राखून’ असे हाताने लिहावे आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. ग्रॅच्युइटीचा कायदेशीर हक्क अशा छापील वाक्याने सोडून देता येत नाही. वेतनाच्या दाव्यासाठी वेतन संहितेने तीन वर्षांची मुदत दिली आहे.

तक्रार करायची वेळ आली तर ‘हिशेब चुकीचा आहे’ एवढ्याने काही हलत नाही. ‘पगाराच्या ओळीत १६ ला ३० ने भागले आहे, हजेरीप्रमाणे १८ हवेत’ असे लिहिले की कंपनीला त्या एका ओळीचे उत्तर द्यावेच लागते. कंपनीच्या बाजूनेही हेच खरे: दिवस, दर आणि आधार लिहिलेला कागद दिला तर निम्मे वाद खिडकीवरच मिटतात, आणि जे उरतात ते नेमके कशाबद्दल आहेत हे दोघांनाही माहीत असते.